आजी घेऊन आली, दाढ काढायचीय, सही कोणाची?

प्रश्न: "सोलापुरात नवीन डेंटल क्लिनिक टाकलंय. काल एक आजी ६ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या, गाल सुजलेला, दाढ काढूनच टाका म्हणाल्या. आईवडील पुण्याला असतात. फॉर्मवर आजीची सही घेऊन काढली तर चालतं का, का परत पाठवायचं?"

परत पाठवायचं नाही, आणि त्या सहीवर दाढ पण काढायची नाही. मधे बरंच काही करता येतं आणि ते त्याच दिवशी करायलाच पाहिजे. मी इथे सोलापुरात लहान मुलांच्या दातांचं काम करतोय त्याला २० वर्षं होऊन गेली, आणि आपल्याकडे मूल आजीआजोबांबरोबर येणं हे रोजचंच आहे. कोणाचे आईबाप पुण्यात कंपनीत, कोणाचे एमआयडीसीत शिफ्टला, कोणाची आई दिवसभर विड्या वळते तिला उठता येत नाही, आणि दिवाळीच्या आसपास तर आईबाप उसतोडीला गेले की पोरं थेट मार्च-एप्रिलपर्यंत आजीकडेच. त्यामुळे आईवडील आल्याशिवाय हातच लावणार नाही असा नियम केला तर निम्मी पोरं दुखणं घेऊन घरी बसतील.

गडबड अशी होते की आपण सहीच्या मागे लागतो. सही हा शेवटचा भाग आहे. आधी स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या: आत्ता जे करणार आहे ते परत फिरवता येण्यासारखं आहे का, ते आज नाही केलं तर मुलाचं काय नुकसान होईल, आणि आईवडील फोनवर तरी सापडतात का. या तिन्हीची उत्तरं काय येतात त्यावर आजीची संमती कुठपर्यंत पुरते ते ठरतं.

कायद्याचं आधी सांगतो, थोडक्यातच. १८ वर्षांखालचं मूल म्हणजे अज्ञान. हिंदू कुटुंबात १९५६ च्या कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक वडील आणि आई, आजीआजोबा त्यात येत नाहीत. ते पालक होतात ते कोर्टाने नेमलं तर, नाहीतर आईवडिलांनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलं असेल तर. पण फौजदारी कायद्यात एक दार उघडं ठेवलंय. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ८९, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम २७ झालंय. ते म्हणतं की १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, त्याच्या पालकाच्या किंवा ज्याच्या कायदेशीर ताब्यात ते मूल आहे अशा दुसऱ्या माणसाच्या संमतीने काही केलं, तर तो गुन्हा होत नाही. हा जो दुसरा माणूस आहे त्यात आजी बसू शकते. आईवडिलांनीच मूल तिच्याकडे ठेवलंय, ती सांभाळते, शाळेत सोडते, आजारी पडलं तर दवाखान्यात नेते, तर ताबा तिच्याकडे आहे असं म्हणायला जागा आहे. पण रविवारी सहज भेटायला आलेली आजी आणि वर्षभर सांभाळणारी आजी यात फरक आहे, म्हणून मूल कोणाजवळ राहतं आणि किती दिवसांपासून हे मी केसपेपरवर लिहितोच.

हे कलम तुम्हाला फौजदारीपासून वाचवतं, ग्राहक आयोगात तेवढ्यावर भागत नाही. तिथे विचारतात की नीट समजावून संमती घेतली होती का, पर्याय सांगितले होते का. सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या निकालात हे स्पष्ट केलंय, आजार काय, उपाय काय, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, नाही केलं तर काय होईल, एवढं सांगितल्याशिवाय संमती खरी नाही, आणि तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही. ती पेशंट सज्ञान होती, भूल दिलेली असताना तिच्या आईने होकार दिला होता, तो कोर्टाने धरला नाही. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच की खुर्चीशेजारी जे नातेवाईक उभं आहे ते आपोआप संमती द्यायला पात्र होत नाही.

आता तुमच्या पोरासारखीच माझी एक केस सांगतो, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ६ वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो, पूर्व भागातली आजी, घरी तेलुगू बोलतात, मराठी मोडकंतोडकं. डाव्या बाजूची खालची दुधाची दुसरी दाढ किडून पोखरलेली, हिरडीवर पू भरलेला, गालावर सूज, ताप बेताचा. आजी म्हणाल्या, "रात्रभर झोपला नाही बघा डाक्टर, मी बी नाही झोपले, काढून टाका की." आईवडील दोघं पुण्यात, पोरगं दीड वर्षापासून आजीकडे, शाळा इथलीच.

पहिली पायरी तपासणी. तोंड बघणं, सूज चाचपणं, ताप बघणं, छोटा एक्स-रे काढणं, यासाठी सांभाळणारी आजी घेऊन आलीय हेच पुरेसं आहे, वेगळी सही मी घेत नाही पण काय बघितलं ते लिहितो. आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचं ठरवायचं असतं, हे आजचं काम आहे का आत्ताचं. तोंड उघडत नाहीये, गिळता येत नाहीये म्हणून लाळ गळतेय, जिभेखालचा भाग वर उचललाय, सूज जबड्याखाली मानेकडे उतरलीय नाहीतर डोळ्याकडे चढलीय, पोरगं ग्लानीत आहे, यातलं एक जरी दिसलं तर क्लिनिकमधे संमतीचा विचार करत बसू नका, सरळ चिठ्ठी लिहून हॉस्पिटलला पाठवा आणि तिथल्या डॉक्टरला स्वतः फोन करा. अशा वेळी कायदा तुमच्या बाजूने आहे. न्याय संहितेचं कलम ३०, जुनं ९२, त्यात तर सर्जन आणि अपघात झालेल्या मुलाचंच उदाहरण दिलंय: लगेच ऑपरेशन नाही केलं तर जीव जाईल, पालकाला विचारायला वेळ नाही, मूल नको नको म्हणतंय, तरी सर्जनने भल्यासाठी केलं तर गुन्हा नाही. पण "वेळ नाही" हे खरं असायला पाहिजे. माझ्या या केसमधे तसं काहीच नव्हतं. तोंड उघडत होतं, पाणी पीत होता, सूज गालापुरतीच होती. म्हणजे फोन करायला वेळ होता, तर फोन करायलाच हवा.

दुसरी पायरी तो फोन. आजी म्हणाल्या, "ती कामावर असते, मीच बघते सगळं, कशाला तिला घोर लावायचा." हे प्रत्येक आजी म्हणते आणि मायेनेच म्हणते. मी त्यांना एवढंच म्हणालो की आजी, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, पोराला लहानपणी काय काय झालं ते आईला जास्त आठवतं म्हणून विचारतो. आणि तसंच झालं. आजींनी मला आधी सांगितलं होतं की पोरगं ठणठणीत आहे, कसली ॲलर्जी नाही. आई फोनवर म्हणाली, तीन वर्षांचा असताना खोकल्याला अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं होतं, तासाभरात अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजले, तेव्हापासून ते औषध देऊ नका असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. मी नेमकं तेच लिहिणार होतो. मग औषध बदललं, पेनिसिलिनच्या गटातलं काहीच नाही, आणि केसपेपरच्या वर लाल पेनाने ॲलर्जी लिहिली. म्हणून मी जीव तोडून सांगतो, आईला फोन हा कागदासाठीच असतो असं समजू नका, खरी हिस्ट्री तिथेच कळते. ॲलर्जी, झटके, हृदयाचा काही त्रास, कापलं तर रक्त लवकर थांबतं का, चालू असलेली औषधं, हे पाचही मी फोनवर विचारतोच, आजीने आधी नाही म्हटलेलं असलं तरी.

फोन कसा करायचा त्याची पण रीत आहे. आजीने लावून दिलेल्या फोनवर लगेच बोलू नका. नंबर आजीच्या मोबाईलमधे कोणत्या नावाने सेव्ह आहे ते बघा, तो लिहून घ्या आणि आपल्या क्लिनिकच्या फोनवरून लावा. पोराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आईकडूनच ऐका, तुम्ही सांगून हो म्हणवून घेऊ नका. स्पीकरवर टाका, त्यांना सांगा की स्पीकरवर आहे आणि शेजारी आमच्या सिस्टर ऐकतायत. मग सांगायचं ते साध्या भाषेत सांगा. मी त्या आईला असं सांगितलं: दाढेच्या मुळाशी पू झालाय, आज मी दाढ वरून उघडून पू निघायला वाट करून देणार, दुखणं कमी होईल, औषध देणार. पुढे दोन रस्ते आहेत, दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल करून कॅप लावायची, नाहीतर दाढ काढायची. काढली तर आत्ता ६ वर्षांला मागून कायमची पहिली दाढ येतेय ती पुढे सरकते, आणि या जागी खालून यायचा पक्का दात १० ते १२ वर्षांला येतो, तोपर्यंत जागा राखायला तार बसवायला लागेल. यातलं काहीच केलं नाही तर सूज वाढून ॲडमिट करायची वेळ येऊ शकते. आणि मग विचारलं, तुम्हाला काय कळलं ते मला सांगा. त्यांनी त्यांच्या शब्दात सांगितलं, "आज पू काढणार, दाढ ठेवायची का काढायची ते नंतर." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. आई म्हणाली आजचं करा, पुढचं मी नवऱ्याशी बोलून सांगते.

आता मूळ मुद्दा. दाढ उघडून पू काढणं हे दुखणं थांबवायचं काम आहे, पुढचे दोन्ही रस्ते त्यानंतरही मोकळे राहतात. दाढ काढली की एक रस्ता कायमचा बंद. म्हणून आजीच्या संमतीवर, आईचा फोन लागला नसता तरी, मी पू काढून औषध दिलंच असतं आणि दाढ ठेवली असती. काढायची की ठेवायची यात खर्च आहे, चार-पाच वर्षांच्या चकरा आहेत, पोराच्या जबड्याचा प्रश्न आहे, तो निर्णय आईवडिलांचा. आणि पूर्ण भूल देऊन करायचं असेल तर आई नाहीतर वडील समोर येऊनच सही, त्याला मी फोन पण चालवत नाही.

हे मी फार वर्षांपूर्वी पोळून शिकलोय. एक आजोबा नातीला घेऊन आले, दाढ हलत नव्हती पण किडलेली होती, ते म्हणाले काढा, मी छापील फॉर्मवर सही घेतली आणि काढली. दुसऱ्या दिवशी वडील आले, ते दोन महिने पैसे साठवत होते त्याच दाढेचं रूट कॅनाल करायला, दुसऱ्या डॉक्टरांनी वाचेल म्हणून सांगितलं होतं. आजोबांना हे माहीतच नव्हतं. वडील ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "एक फोन करायचा होता सर." फॉर्म बाहेर काढला तर दाढ कोणती, पर्याय कोणते, सगळे रकाने कोरे, खाली फक्त आजोबांची सही. ती पोरगी दहा वर्षांची होईपर्यंत मी तिची तार माझ्या पैशाने बघितली. केस झाली नाही पण तो कोरा फॉर्म माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

तर लिहायचं काय. त्या दिवशीची माझी नोंद साधारण अशी होती: "सोबत आजी, नाव अमुक, आईची आई, मूल दीड वर्षापासून यांच्याकडे राहते असे सांगितले, आधार कार्ड पाहिले. ११:२० ला क्लिनिकच्या फोनवरून आईशी अमुक नंबरवर बोललो, स्पीकरवर, सिस्टर अमुक हजर. मुलाचे नाव, जन्मतारीख आईने स्वतः सांगितली. अमॉक्सिसिलिनची ॲलर्जी. आजार, आजचा उपचार, पुढचे दोन पर्याय, धोके, न केल्यास काय होईल ते सांगितले. आईचे शब्द: आज पू काढणार, दाढ ठेवायची का काढायची ते नंतर. आजच्या पू काढण्यास संमती. दाढ काढण्यास संमती घेतलेली नाही." शेवटचं वाक्य लिहाच. कशाला संमती नाही ते लिहिलेलं असलं की दुसऱ्या दिवशी तुमच्या ज्युनिअरने तोच कागद बघून दाढ काढायचा प्रश्न येत नाही. खाली माझी सही, सिस्टरची सही, वेळ. नोंद तेव्हाच करायची, संध्याकाळी आठवून नाही, आणि चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, व्हाइटनर लावायचा नाही.

मग आईला व्हॉट्सॲपवर संमतीपत्राचा फोटो पाठवला, तिने "वाचलं, आजच्या उपचाराला संमती आहे" असं पूर्ण नाव टाकून उत्तर दिलं. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर मी परत लिहून मागतो. त्याची प्रिंट फाइलला, आणि मूळ चॅट डिलीट करायचा नाही, कारण उद्या कोर्टात लागलंच तर मोबाईलमधल्या पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि त्याला मूळ चॅट हाताशी असलेला बरा. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर आधी सांगून करा.

आजीची सही पण घेतली, पण वेगळ्या रकान्यात. आईच्या संमतीच्या जागी नाही, तर "मला समजावून सांगितले, मी मुलासोबत हजर होते, घरी घ्यायची काळजी कळली" यासाठी. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. आपल्याकडे तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या आज्या भरपूर येतात, आणि मराठी फॉर्मवर अंगठा घेतला तर तो संमतीचा पुरावा म्हणून फार कमजोर. तेलुगू येणाऱ्या आमच्या रिसेप्शनच्या मुलीने वाचून दाखवलं, तिचं नाव "तेलुगूत वाचून सांगितले" असं लिहून सही, आजींचा डाव्या हाताचा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून बाहेर बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या वडिलांची सही. साक्षीदार आपल्या स्टाफचा नसला तर जास्त बरं. हे सगळं मिळून १०-१२ मिनिटं गेली.

एक गोष्ट नवीन डॉक्टर विसरतात. पोरगं हलतंय म्हणून आजीला "घट्ट धरा हो" म्हणायचं आणि सुई मारायची, याची पण संमती लागते. धरणार असाल तर कोण धरणार, कसं धरणार हे आईला आधी सांगा. आणि ६ वर्षांच्या पोराला पण सांगा की आता काय करणार. त्याचा होकार कायद्याने लागत नाही पण त्याने मान हलवली का रडून नको म्हणाला ते मी लिहितो. १२ च्या पुढचं मूल असेल तर वर सांगितलेलं कलम २७ लागूच होत नाही, तिथे मी मुलाची पण सही घेतो आणि आईवडिलांची पण, तिथे आजीच्या भरवशावर तपासणी आणि औषधाच्या पुढे जात नाही.

आईवडील वेगळे राहत असतील तर जास्त सांभाळून. मी सरळ विचारतो, मूल कोणाकडे असतं, कोर्टात काही चालू आहे का. चालू असेल तर ऑर्डरची झेरॉक्स. काही वेळा आजी वडिलांकडची असते, आईला न सांगता मूल आणलेलं असतं, आणि तुमचा केसपेपर पुढे त्यांच्या भांडणात वापरला जातो. अशा वेळी दुखणं थांबवायचं तेवढं करायचं आणि बाकीचं ज्याच्याकडे ताबा आहे त्याच्याशी बोलल्यावर.

ज्यांची पोरं कायम आजीकडेच आहेत त्यांच्यासाठी मी आता पहिल्याच भेटीत एक पत्र करून घेतो, स्टॅम्प पेपर वगैरे लागत नाही, साध्या कागदावर आईच्या नाहीतर वडिलांच्या हातचं. मजकूर असा: "आमचा मुलगा अमुक हा आजी अमुक यांच्याकडे राहतो. तपासणी, एक्स-रे, दात साफ करणे, फ्लोराइड लावणे, सिमेंट भरणे, आणि दुखणे थांबवण्यासाठी लागणारा तातडीचा उपचार यासाठी त्यांनी दिलेली संमती आम्हाला मान्य आहे. दात काढणे, रूट कॅनाल आणि भूल देऊन करायचा कोणताही उपचार आम्हाला फोन केल्याशिवाय करू नये. मुलाची ॲलर्जी व आजार अमुक. आमचे फोन अमुक, अमुक. हे पत्र अमुक तारखेपर्यंत." मुदत मी शाळेच्या एका वर्षाची धरतो, जूनला नवीन. उसतोडीला जाणाऱ्यांना दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवतो की जायच्या आधी एकदा येऊन जा, कारण फडात फोन लागत नाही आणि लागला तर संध्याकाळी सातनंतर. मुकादमाचा नंबर पण घेतो, संमतीसाठी नाही, निरोपासाठी. या पत्राने आजी कायद्याने पालक होत नाही, पण मूल तिच्या ताब्यात आईवडिलांनी दिलंय याचा लेखी पुरावा मिळतो, आणि कलम २७ मधे आपल्याला नेमकं तेच दाखवायचं असतं.

फाइल किती दिवस ठेवायची हे पण बघा. तीन वर्षं ठेवली की झालं असं बरेच जण म्हणतात, पण मुदतीच्या कायद्यात अज्ञान मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजायची सोय आहे, म्हणून मी मुलांच्या फाइली ते २१ चे होईपर्यंत टाकत नाही. जागा लागते, पण कपाट घ्या एक.

त्या पोराचं पुढे: आठ दिवसांनी सूज उतरली, वडील शनिवारी रात्री गाडीने आले, एक्स-रे समोर धरून बोललो, हाड जास्त खाल्लेलं नव्हतं म्हणून त्यांनी दाढ ठेवायचं ठरवलं, रूट कॅनाल केलं, कॅप लावली, सही वडिलांची. तुमच्या कालच्या पोराला तुम्ही काय केलंय ते लिहिलं नाहीत. नुसती गोळ्यांची चिठ्ठी देऊन पाठवलं असेल तर आजच त्या आजींना फोन करून सूज मानेकडे तर उतरली नाही ना, पाणी पितोय ना ते विचारा, आणि त्याच फोनवर आईचा नंबर घ्या.